डेमो तासाचे निमंत्रण: वेळ कोणती द्यावी आणि सोबत काय मागवावे

प्रश्न: साताऱ्यात मी नववी-दहावीच्या गणिताची शिकवणी घरीच घेते, यंदा दुसरे वर्ष आहे. चौकशी करणाऱ्या पालकांना मी व्हॉट्सॲपवर असा निरोप पाठवते: ‘नमस्कार, आमच्या क्लासमध्ये मोफत डेमो लेक्चर आहे. सकाळी ७:३०, दुपारी १, सायंकाळी ४:३०, ६ आणि रविवारी १० अशा बॅच आहेत. आपल्या सोयीनुसार कधीही या. सोबत वही-पेन आणावे. मर्यादित जागा!’ बहुतेक जण ‘हो मॅडम, पाठवते’ असे लिहितात, पण प्रत्यक्षात निम्मीही मुले येत नाहीत. जी येतात त्यांतली काही पुन्हा दिसत नाहीत. निमंत्रण कसे लिहावे, वेळा किती द्याव्यात आणि सोबत काय आणायला सांगावे?

उत्तर:

मी कराडमध्ये गेली सव्वीस वर्षे माध्यमिकच्या गणिताचे वर्ग घेतो. त्यांतली पहिली पाच-सहा वर्षे माझीही निमंत्रणे साधारण अशीच असत. फरक इतकाच, की तेव्हा ती छापील चिठ्ठीवर असत. तुमच्या निरोपात मला सर्वांत जास्त खटकते ते ‘कधीही या’ हे वाक्य. ते आपुलकीने लिहिलेले आहे, पण वाचणाऱ्या आईला त्यातून कोणताही एक वार आणि कोणतीही एक वेळ मिळत नाही, आणि ज्या कामाला वार नाही ते काम घरात पुढे ढकलले जाते. शिवाय आपल्याकडे तोंडावर ‘नाही’ म्हणणे अवघड वाटते, त्यामुळे ‘हो मॅडम, पाठवते’ या उत्तराचा अर्थ पुष्कळदा ‘तुमचा निरोप वाचला’ एवढाच असतो. तो होकार समजून तुम्ही खुर्ची राखून ठेवता आणि मग वाट पाहता. म्हणून निमंत्रणाची रचनाच अशी हवी की खरा होकार आणि नुसता शिष्टाचार वेगवेगळे दिसावेत.

त्यासाठी निमंत्रण लिहिण्यापूर्वीच दोन गोष्टी विचारून घ्याव्या लागतात, आणि त्या फोनवर चौकशी होते तेव्हाच विचाराव्यात: शाळा सकाळच्या सत्राची आहे की दुपारच्या, आणि माध्यम कोणते. पहिल्या प्रश्नाच्या उत्तराने तुमच्या पाच वेळांपैकी निदान एक-दोन आपोआप बाद होतात. ज्या मुलीची शाळा दुपारी साडेबाराला भरून साडेपाचला सुटते, तिच्या आईला साडेचारची वेळ कळवण्यात काही अर्थ नाही. आणि जिची शाळा सकाळी सातला भरते तिला साडेसातची वेळ दिसली, तर आपली चौकशी कोणी नीट ऐकलेलीच नाही असे आईला वाटते. पाचही वेळा सर्वांना पाठवल्या म्हणजे निवडीचे काम आपण पालकांवर टाकतो, आणि पालक ते काम ‘घरी विचारून सांगते’ म्हणून बाजूला ठेवतात.

माध्यमाचा प्रश्न याहून नाजूक आहे. नववीचा अभ्यासक्रम एकच असला, तरी मराठी माध्यमाचा मुलगा ‘संच’, ‘छेदसंच’, ‘बहुपदी’ या शब्दांत गणित शिकत असतो आणि सेमी इंग्रजीचा मुलगा तेच गणित इंग्रजी पुस्तकातून शिकत असतो. काही वर्षांपूर्वी मी सेमीच्या एका मुलाला न विचारता मराठी माध्यमाच्या बॅचमध्ये डेमोला बसवले. मुलगा हुशार होता. मी तासभर ‘संयोग संच’ म्हणत राहिलो, तो वहीत शांतपणे उतरवून घेत राहिला, आणि घरी जाऊन ‘सरांचे काही कळले नाही’ असे सांगून मोकळा झाला. त्याचे बरोबरच होते. त्यानंतर दोन दिवसांनी त्याच्या वडिलांशी बोलताना मला चूक उमगली, पण तोवर त्याचा प्रवेश दुसरीकडे झालेला होता. दोन्ही माध्यमांची मुले तुमच्याकडे एकाच बॅचमध्ये बसत असतील, तर तेही निमंत्रणात एका वाक्यात सांगून टाका. लपवण्यासारखे त्यात काही नाही.

आता वेळांकडे येऊ. माझा नियम असा आहे की वेळ एकच द्यावी आणि निवड दिवसाची ठेवावी, तीही दोनच दिवसांची. शाळेच्या सत्रावरून वेळ आधीच ठरलेली असते. पालकांना ठरवायचे उरते ते एवढेच, की सोमवारी पाठवायचे की बुधवारी. दोनांतून एक निवडणे जिन्यात उभ्या उभ्या होते. तिसरा दिवस दिला की चर्चा सुरू होते, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की आता कोणी आग्रह केला तरी तिसरा दिवस पहिल्या निरोपात घालत नाही. दोन्ही दिवस जमत नसतील तर पालक स्वतःहून विचारतात, आणि स्वतःहून विचारणारे पालक सहसा येतातच.

यापेक्षाही महत्त्वाची अट अशी, की डेमोची वेळ तीच असावी जी प्रवेशानंतर मुलाला मिळणार आहे, आणि बॅचही तीच. तुमची रविवारी दहाची वेळ ही नियमित बॅच आहे की खास डेमोसाठी ठेवलेली, हे निरोपावरून कळत नाही. खास डेमोसाठी असेल तर ती काढून टाकावी, असे मी म्हणेन. मी एका वर्षी नव्या सगळ्या मुलांना एकाच रविवारी सकाळी बोलावले होते. बावीस मुले आली, मी उत्साहात पायथागोरसचे प्रमेय कागद कापून सिद्ध करून दाखवले, पालक दारात उभे राहून बघत होते आणि सगळे खूश होऊन गेले. मंगळवारी त्यांतली चौदा मुले बॅचला आली, तेव्हा वेळ संध्याकाळची होती, बाजूला अनोळखी मुले होती, आणि फळ्यावर समीकरणांची रूक्ष उजळणी चालू होती. महिन्याभरात पाच मुले गळली. एका आजोबांनी मला स्पष्टच सांगितले की दाखवले एक आणि दिले दुसरे. तुमच्याकडची मुले एका तासानंतर दिसेनाशी होतात त्याचे कारणही याच बाजूला शोधून पाहा: डेमोला जो तास मिळाला तो रोजच्या तासासारखा होता का?

चालू बॅचमध्ये डेमो घ्यायचा म्हटले की संख्येची मर्यादा आपोआप येते. माझ्या बॅचमध्ये अठरा मुले असतात, आणि एका तासाला दोनपेक्षा जास्त पाहुणे मी घेत नाही. दोन नव्या चेहऱ्यांकडे शिकवता शिकवता लक्ष देता येते, त्यांच्या वहीत डोकावता येते. पाच आले की तो तास त्यांचाही राहत नाही आणि फी भरून बसलेल्या मुलांचाही राहत नाही. तुमची बॅच आठ-दहाची असेल तर एकच पाहुणा पुरे.

दिवस निवडताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकदा बघावे. ज्येष्ठातली वटपौर्णिमा, गावचा आठवडी बाजार, शाळेची पालकसभा, असे दिवस टाळावेत, कारण पहिल्या दिवशी मुलाला सोडायला बहुधा आईच येते आणि त्या दिवशी तिला सवड नसते. मी एकदा वटपौर्णिमेलाच डेमो ठेवून बसलो होतो. त्या दुपारी एकही मूल आले नाही आणि दोष कोणाचाही नव्हता, माझा सोडून.

एक उदाहरण घेऊन निरोप लिहून दाखवतो. समजा, शुक्रवारी एका आईने फोनवर चौकशी केली. मुलगी नववीत, सेमी इंग्रजी, शाळा सकाळची. तुमची साडेचारची बॅच सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी भरते. तर त्याच संध्याकाळी, साडेसात-आठच्या सुमारास, मुलीला नव्हे तर आईला असे लिहावे:

‘नमस्कार ताई. आज आपण नववीच्या गणिताबद्दल फोनवर बोललो. आपल्या मुलीसाठी (नववी, सेमी इंग्रजी, सकाळची शाळा) साडेचारच्या बॅचमध्ये एका तासिकेची जागा ठेवत आहे. खालील दोन दिवसांपैकी एक निवडावा:

१. सोमवार, २२ जून, सायंकाळी ४:३० ते ६:००
२. बुधवार, २४ जून, सायंकाळी ४:३० ते ६:००

उत्तरादाखल नुसता १ किंवा २ हा आकडा पाठवला तरी चालेल. सध्या जमत नसल्यास “नंतर” एवढेच लिहावे. मी जुलैमध्ये पुन्हा विचारीन. रविवारी, २१ जूनला, सायंकाळी ६ पर्यंत उत्तर आले नाही तर ही जागा दुसऱ्या विद्यार्थ्याला देईन.

या तासाला फी नाही. प्रवेश घेतल्यास दरमहा फी ९०० रुपये आहे. प्रवेशाचे ठरवण्याची घाई नाही. या आठवड्यात पहिले प्रकरण, संच, चालू आहे. सोबत नववीचे गणित भाग १ चे पाठ्यपुस्तक, आठवीची गणिताची जुनी वही (अर्धवट असली तरी चालेल), कोणतीही एक कोरी वही, पेन आणि पाण्याची बाटली द्यावी.

पत्ता: दत्त मंदिरामागची गल्ली, पिठाच्या गिरणीवरचा पहिला मजला. जिना गिरणीच्या उजव्या बाजूने आहे. पहिल्या दिवशी दहा मिनिटे आधी, ४:२० ला, यावे. आपण स्वतः ५:५० ला आलात तर शेवटची दहा मिनिटे बसून पाहता येईल आणि नंतर बोलता येईल.’

निरोप तुमच्या निरोपापेक्षा लांब आहे हे मला मान्य आहे, परंतु फोनवर बोलणे झालेल्या पालकांना लांबीचा त्रास होत नाही. त्रास होतो तो पुन्हा फोन करून विचारावे लागण्याचा. पडद्यावर निरोपाचा पहिला भागच दिसतो आणि उरलेला उघडावा लागतो, म्हणून दोन दिवस आणि वेळ वर ठेवली आहे आणि पत्ता खाली.

तारीख आणि वार दोन्ही लिहिण्यामागे एक जुनी फजिती आहे. मी एकदा रात्री पावणेबाराला ‘उद्या साडेचारला पाठवा’ असे लिहून झोपलो. वडिलांनी तो निरोप सकाळी सहाला वाचला आणि त्यांच्या हिशेबाने ‘उद्या’ म्हणजे त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन आले. त्या दिवशी बॅच नव्हती आणि मी पंढरपूरला गेलो होतो. तेव्हापासून निरोपात ‘उद्या’, ‘परवा’, ‘या शनिवारी’ हे शब्द मी वापरत नाही आणि रात्री नऊनंतर निमंत्रण पाठवत नाही. त्याच कारणाने सुटण्याची वेळही लिहावी. पावसाळ्यात सहाला अंधारून येते, मुलीला न्यायला कोणी कधी यायचे हे घरात आधी ठरवावे लागते, आणि तुम्ही सव्वासहाला सोडले तर गल्लीच्या तोंडाशी छत्री घेऊन उभ्या असलेल्या वडिलांच्या मनात तुमच्या क्लासबद्दल पहिली नोंद तीच होते.

‘नंतर’ या शब्दाने मला जितका उपयोग झाला तितका निरोपातल्या दुसऱ्या कशानेही झाला नाही. नकार द्यायला एक सभ्य दार मिळाले की लोक खोटा होकार देत नाहीत. ज्यांनी ‘नंतर’ लिहिले त्यांतले काही जण पहिल्या घटक चाचणीचे गुण हातात पडल्यावर आपण होऊन फोन करतात, आणि त्या वेळी त्यांना संकोच वाटत नाही, कारण आधी कुठलाही शब्द मोडलेला नसतो. उत्तराची मुदतही याच कामाची आहे, मात्र एकदा लिहिली की ती पाळावी लागते. रविवारी सहा वाजून गेले, तर जागा खरोखरच दुसऱ्याला द्या. वहीत नाव पेन्सिलने लिहायचे आणि आकडा आला की त्यावर शाई फिरवायची, ही माझी पद्धत आहे.

फी लिहावी की नाही यावर आमच्या व्यवसायात दोन मते आहेत. बरेच जण म्हणतात की आधी मुलाला तास आवडू द्यावा, मग आकडा सांगावा. मला ते पटत नाही. ज्यांना नऊशे रुपये परवडणार नाहीत त्यांची मुलगी डेमोला येऊन रमली, तर घरी तिच्यासमोर ‘नको’ म्हणण्याची वेळ आपण आईवर आणतो. आकडा आधीच दिसला की ज्यांना अडचण आहे ते खासगीत विचारतात, आणि सवलत द्यायची असेल तर तीही खासगीतच देता येते.

आता सोबत काय आणायचे त्याबद्दल. ‘वही-पेन आणावे’ हे वाक्य बिनचूक आहे, पण त्याने तुमच्या हाती काही लागत नाही. सोबत आणायच्या वस्तू अशा मागवाव्यात की त्या तासात प्रत्यक्ष उघडल्या जातील. तुम्ही संच शिकवणार असाल तर कंपासपेटी मागवू नका. मुलगी ती घेऊन येते, दीड तास ती बाकावर पडून राहते, आणि घरी ‘कंपास लागलाच नाही’ हे वाक्य पोहोचते. त्या आठवड्यात भूमिती चालू असेल, तर मात्र कंपासपेटी आवर्जून लिहावी आणि कंपासला पेन्सिल लावून आणायला सांगावे, कारण शेजाऱ्याकडे पेन्सिल मागण्यात नव्या मुलाची पहिली दहा मिनिटे जातात.

माझ्या यादीतली खरी कामाची वस्तू म्हणजे मागच्या वर्षीची गणिताची वही. जूनमध्ये नव्या वर्षाची कोणतीही परीक्षा झालेली नसते, आणि आठवीची वार्षिक उत्तरपत्रिका बहुधा शाळेतच राहते, म्हणून मुलगी कुठे अडते हे सांगणारा घरातला एकमेव कागद ती वही असते. ऑगस्टनंतर डेमो घेत असाल, तर वहीऐवजी घटक चाचणीची तपासलेली उत्तरपत्रिका मागवावी. ‘अर्धवट असली तरी चालेल’ हे शब्द मी मुद्दाम घातले आहेत. ते नसतील तर आया सुट्टीचे दोन दिवस बसून मुलीकडून वही पूर्ण करून घेतात, आणि मग ती वही आपल्याला काहीच सांगत नाही. रद्दीत गेली असेल तर आग्रह धरू नये.

त्या वहीत काय पाहायचे तेही सांगतो. मी थेट विस्तार सूत्रांचे प्रकरण उघडतो. वर्गात फळ्यावरून उतरवलेले भाग सोडून देतो, कारण ते सगळ्यांचे सारखेच असतात. गृहपाठाची उदाहरणे बघतो. तिथे हे दिसले की पुढचे बरेच काही कळते:

```
(x + 3)² = x² + 9
```

मधले 6x पद गेलेले आहे. एकदाच गेले असेल तर ती धांदल आहे. तीन उदाहरणांत गेले असेल, आणि त्यावर शाळेतल्या बाईंची लाल दुरुस्ती असूनही चौथ्यात पुन्हा गेले असेल, तर मुलीला सूत्र पाठ नाही असा त्याचा अर्थ नसून, कंसाचा वर्ग म्हणजे तो कंस स्वतःनेच गुणायचा हे तिच्यापर्यंत पोहोचलेले नाही असा आहे. अशी मुलगी नववीत बहुपदीला आणि दहावीत वर्गसमीकरणांना नक्की अडखळणार. दुसरी खूण अशी, की उत्तरे सगळी बरोबर आहेत पण मधल्या पायऱ्या कुठेच नाहीत. तिथे गाईडवरून उतरवल्याची शक्यता मोठी असते. हे मुलीला सर्वांसमोर विचारू नये. शेवटच्या दहा मिनिटांत, आई शेजारी बसलेली असताना, वहीतले एकच पान उघडून दाखवावे आणि काय करावे लागेल ते दोन वाक्यांत सांगावे. आईने आजवर ऐकलेले असते ‘गणित कच्चे आहे’. पानावर बोट ठेवून कुणी दाखवलेले नसते.

याच कारणासाठी आईला ५:५० ला बोलवायचे, सुरुवातीपासून नाही. आई पूर्ण वेळ मागे बसली की मुलगी उत्तर देताना मान वळवून तिच्याकडे बघते.

मैत्रिणीला आणण्याबद्दल निरोपात काही लिहिलेले नाही, पण फोनवर विचारले तर ‘आधी कळवा’ असे सांगावे. माझ्याकडे एकदा एका मुलीने आपल्या तीन मैत्रिणी आणल्या होत्या. चौघी एका बाकावर बसल्या, आणि कोणाला काय येते हे मला शेवटपर्यंत कळले नाही.

‘मर्यादित जागा!’ हे शब्द मी काढून टाकले आहेत. जागा खरोखरच एक असेल तर ‘एका तासिकेची जागा ठेवत आहे’ यात ते आलेच. आणि नसेल तर ते लिहू नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत गुणांची किंवा यशाची हमी देणे आणि जागा संपत आल्याचा खोटा आभास निर्माण करणे या दोन्ही गोष्टींना मनाई आहे. ती तत्त्वे पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी आहेत, म्हणजे तुमची घरगुती शिकवणी बहुधा त्यांत बसत नाही. पण साताऱ्यासारख्या गावात सोमवारी ‘शेवटच्या दोन जागा’ वाचलेली आई शुक्रवारी तीच ओळ जावेच्या फोनवरही वाचते, तेव्हा तिला कायदा माहीत असण्याची गरज नसते.

निरोप पाठवण्याच्या पद्धतीत एक तांत्रिक खोच आहे. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी करून पाठवलेला निरोप, ज्यांनी तुमचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठवलेला आहे, त्यांनाच मिळतो. नव्या पालकांनी तो साठवलेला नसतो, त्यामुळे ज्यांच्यासाठी निमंत्रण आहे त्यांच्यापर्यंतच ते जात नाही आणि तुम्हाला वाटते की त्यांनी दुर्लक्ष केले. एकेकाला वेगळा निरोप पाठवावा. तसा मजकूर साठवून ठेवून दर वेळी इयत्ता, माध्यम, सत्र आणि तारखा बदलायला दोन मिनिटे लागतात. फक्त पाठवण्यापूर्वी एकदा वाचून घ्यावा. मागच्या निरोपातली ‘मराठी माध्यम’ ही ओळ तशीच राहून सेमीच्या पालकांना गेली, तर वर सांगितलेली सगळी काळजी वाया जाते.

आता वरच्या आईचे उत्तर शनिवारी दुपारी असे आले असे धरू: ‘हो मॅडम, पाठवते.’ आकडा नाही. यावर ‘धन्यवाद’ लिहून थांबू नये. ‘सोमवार धरू का, ताई?’ असा एकच प्रश्न विचारावा. त्यावर बहुतेक वेळा खरे काय ते बाहेर येते. कधी ‘सोमवारी तिचे बाबा नाहीत, बुधवार चालेल’ असे, तर कधी ‘साडेचारला शाळेतून येऊन जेमतेम जेवते हो’ असे. दुसऱ्या उत्तरात शाळा बारा-साडेबाराला सुटत असूनही मुलगी उशिरा येते याचा अर्थ ती दुसऱ्या गावाहून बसने येत असावी, आणि तिथे सहाची बॅच द्यायला हवी. तुमच्याकडे सहाची बॅच आहे. ती पहिल्या निरोपात नव्हती, ती इथे कामी आली.

बुधवार ठरला की मंगळवारी संध्याकाळी सात वाजता आठवण द्यावी, आणि ती एका ओळीची असावी: ‘बुधवारी, २४ जूनला, ४:२० ला मुलीची वाट पाहते, आठवीची वही आणि भाग १ चे पुस्तक आठवणीने द्यावे. पाऊस असला तरी तास होईल.’ शेवटचे वाक्य साताऱ्याच्या जून-जुलैत लागतेच. ते नसले की चार वाजता सर आली म्हणून घरचे परस्पर ठरवतात की आज क्लास नसेल. दप्तर भिजते म्हणून पुस्तक-वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्यायला सांगितले तर तेही बरे.

त्या दिवशीच्या तासाबद्दल फार लिहीत नाही, कारण तो रोजचाच असायला हवा. नव्या मुलीसाठी मी एवढेच करतो, की तिला दुसऱ्या बाकावर, शांत मुलीशेजारी बसवतो आणि सर्वांना दिलेल्या उदाहरणांपैकी एकावर तिची वही बघतो. संच चालू असतील तर बहुधा असे उदाहरण: वर्गातल्या ४० मुलांपैकी २४ जणांना क्रिकेट आवडते, १८ जणांना कबड्डी आणि ७ जणांना दोन्ही, तर दोन्ही न आवडणारे किती? पुष्कळ मुले २४ आणि १८ मिळवून ४२ लिहितात. त्यांतली काही तिथेच थांबून ‘सर, चाळीसच मुले आहेत ना?’ असे विचारतात, आणि काही ४२ मधून ४० वजा करून २ असे उत्तर देऊन पेन खाली ठेवतात. दोन वर्तुळे काढून मधल्या भागात ७ लिहिले की एका बाजूला १७ आणि दुसऱ्या बाजूला ११ उरतात, बेरीज ३५ होते आणि बाहेर ५ राहतात. नवी मुलगी यांपैकी कुठे थांबली, हे तिच्या आईला वहीतल्या पानाबरोबर सांगण्यासारखे असते.

तास झाल्यावर लगेच ‘मग कधीपासून?’ असे विचारू नये. त्याच रात्री आठच्या आत दोन ओळी पाठवाव्यात: मुलीने काय केले ते एका वाक्यात, आणि ‘शुक्रवारी, २६ जूनला, सायंकाळपर्यंत कळवले तर हीच जागा तिच्यासाठी ठेवते’ हे दुसऱ्या वाक्यात. मुलगी ठरलेल्या दिवशी आलीच नाही, तर पावणेपाचला फोन करू नये. त्या वेळी घरात काहीतरी झालेले असते किंवा सांगायला संकोच वाटत असतो. रात्री एकदाच लिहावे: ‘आज भेट झाली नाही. सोयीचा दुसरा दिवस असल्यास कळवावा, किंवा “नंतर” लिहावे.’ त्याला दोन दिवसांत उत्तर आले नाही, तर पेन्सिलीने लिहिलेले नाव खोडून ती जागा पुढच्या चौकशीला द्यावी.